दोन दिवसांनी मांड्या का भरून येतात : उतरणीचा हिशेब

प्रश्न : शनिवारी पहिल्यांदाच डोंगरावर गेलो, साधारण 600 मीटरचा चढ होता. चढताना फार दम लागला, उतरताना मात्र काहीच त्रास झाला नाही. रविवारी मांड्या जरा जड वाटल्या आणि आज सोमवारी जिना उतरणं मुश्किल झालं आहे. हे लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे आहे का? स्नायू फाटला तर नाही ना? आणि पुन्हा चालायला कधी लागू?

उत्तर :

उतरताना काहीच त्रास झाला नाही, हे आपले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गेली अनेक वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकले आहे आणि दर वेळी दुखण्याचे मूळ त्या न जाणवलेल्या श्रमातच सापडले आहे. आपल्या मांड्या आज दुखत आहेत त्यात चढाचा वाटा अगदी थोडा आहे. जवळजवळ सगळे दुखणे उतरणीचे आहे.

हे पटण्यासाठी एक गोष्ट करून पाहा. खुर्चीसमोर पाठमोरे उभे राहा, एक तळहात मांडीच्या पुढच्या बाजूवर ठेवा आणि चार-पाच सेकंद घेत सावकाश बसा. तळहाताखाली स्नायू घट्ट झालेला लागेल. आज तर तो दुखेलही. आता लक्ष द्या की गुडघा दुमडत आहे, म्हणजे मांडीच्या पुढचा हा स्नायू, ज्याला आम्ही क्वाड्रिसेप्स म्हणतो, प्रत्यक्षात लांब होत आहे. तो आखडण्यासाठी जोर लावत आहे आणि शरीराचे वजन त्याला त्याच वेळी ताणून लांब करत आहे. जोर लावत असताना ताणले जाण्याच्या या प्रकाराला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. खुर्चीतून उठताना हाच स्नायू आखूड होत शरीर वर उचलतो. ते कॉन्सेंट्रिक आकुंचन. डोंगर चढणे म्हणजे हजारो वेळा उठणे आणि उतरणे म्हणजे हजारो वेळा सावकाश बसणे. 600 मीटरची उतरण सरासरी 15 सेंटिमीटरच्या पायऱ्यांची धरली, तर एकूण 4000 पायऱ्या होतात. म्हणजे आपल्या प्रत्येक मांडीने शनिवारी सुमारे 2000 वेळा शरीराचा सगळा भार असा ब्रेक लावत खाली सोडला, आणि त्या मांड्यांना या कामाची सवय नव्हती.

मग ते जाणवले का नाही? कारण ब्रेक लावण्याचे काम शरीराला फार स्वस्त पडते. तेवढाच भार पेलायला ताणल्या जाणाऱ्या स्नायूतील कमी तंतू कामाला लागतात आणि प्राणवायूही बराच कमी खर्च होतो. 1952 साली ॲबट, बिगलँड आणि रिची या संशोधकांनी दोन सायकली एकमेकींना साखळीने जोडल्या. एकावरचा माणूस पेडल पुढे मारत होता आणि दुसऱ्यावरचा माणूस त्याच पेडलना विरोध करत होता. जोर दोघांचा सारखा होता, पण पेडल मारणाऱ्याचा प्राणवायूचा खर्च विरोध करणाऱ्याच्या कित्येक पट निघाला. आपल्याला चढताना दम लागला आणि उतरताना लागला नाही, त्याचे कारण हेच आहे. मात्र या स्वस्ताईची दुसरी बाजू अशी की तोच भार कमी तंतूंवर वाटला जातो, त्यामुळे कामाला लागलेल्या प्रत्येक तंतूवर ताण जास्त पडतो. दम हे हृदय आणि फुप्फुसांवरील कामाचे माप आहे. तंतूंवर किती ओढ पडली, हे त्यातून मुळीच कळत नाही.

आता लॅक्टिक ॲसिडबद्दल. आपल्या भाषेत ‘अंग आंबणे’ हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की आंबटपणाचा, म्हणजे आम्लाचा, खुलासा ऐकताक्षणीच पटतो. तो खरा मात्र नाही. लॅक्टेट तयार होते ते जोराच्या, दम लावणाऱ्या श्रमात, म्हणजे आपल्या बाबतीत चढावर. आणि श्रम थांबल्यावर तासा-दीड तासात रक्तातील त्याची पातळी मूळ पदावर येते. शनिवारी संध्याकाळपर्यंत ते संपलेले होते, तेव्हा सोमवारच्या दुखण्याला ते जबाबदार असू शकत नाही. 1983 साली हे प्रयोगाने सरळ तपासले गेले. काही जणांना सपाटीवर 45 मिनिटे पळवले आणि त्याच जणांना वेगळ्या वेळी तेवढाच वेळ उतारावर. सपाटीवर लॅक्टेट वाढले, पण नंतर लक्षणीय दुखले नाही. उतारावर लॅक्टेट वाढले नाही आणि पुढचे दोन-तीन दिवस पाय दुखले.

विद्यार्थिदशेत मी स्वतःवर केलेला एक प्रयोग मला आजही आठवतो. गुडघ्याइतक्या उंचीच्या एका भक्कम ठोकळ्यावर 20 मिनिटे चढ-उतार करायची होती; अट एवढीच की चढताना उजवा पाय आधी वर जाईल आणि उतरतानाही उजवाच पाय आधी खाली येईल. अशा रीतीने शरीर उचलण्याचे सगळे काम उजव्या मांडीकडे आणि ते सावकाश खाली सोडण्याचे सगळे काम डाव्या मांडीकडे येते. प्रयोग संपला तेव्हा थकलेली, थरथरणारी मांडी उजवी होती. दोन दिवसांनी मात्र डाव्या मांडीला हात लावू देववत नव्हता आणि उजवी मांडी अगदी शांत होती. उजव्या पोटरीत तेवढे थोडे दुखत होते, कारण खाली येताना जमिनीवर आधी टेकणाऱ्या पावलाला धक्का झेलावा लागतो आणि तिथे पोटरीचा स्नायू ताणला जातो. एकाच शरीरात, एकाच रक्तपुरवठ्यावर, एकाच वेळी श्रम केलेल्या दोन मांड्यांपैकी कमी थकलेली मांडी जास्त दुखते, ही गोष्ट अनुभवल्यानंतर रक्तात साचणाऱ्या कोणत्याही पदार्थाच्या खुलाशावर माझा विश्वास उरला नाही.

‘स्नायू फाटला तर नाही ना’ या प्रश्नाचे उत्तर देताना मोजमापाची पातळी सांभाळावी लागते. स्नायूचा प्रत्येक तंतू सार्कोमिअर नावाच्या अतिसूक्ष्म कप्प्यांच्या लांबच लांब माळेने बनलेला असतो. एका कप्प्याची लांबी मिलिमीटरच्या चारशेव्या भागाच्या आसपास असते. सगळे कप्पे सारख्या ताकदीचे नसतात. जोर चालू असताना माळ ताणली गेली की दुबळे कप्पे आधी आणि गरजेपेक्षा जास्त ताणले जातात आणि त्यांतील काही पुन्हा नीट जुळत नाहीत. असे हजारो वेळा घडले की विस्कटलेल्या कप्प्यांचे छोटे पट्टे तयार होतात. जिने उतरून पाय दुखवून घेतलेल्या स्वयंसेवकांच्या पोटरीचे नमुने 1981 साली स्वीडनमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा दोन कप्प्यांमधील सरळ सीमारेषा जागोजागी वाकडी-तिकडी आणि पसरलेली दिसली. म्हणजे विस्कळीतपणा आहे, पण तो सूक्ष्मदर्शकात दिसणारा आहे. खेळताना अचानक कळ येऊन स्नायू फाटतो, त्या इजेशी याची गल्लत करू नये. त्या इजेत कळ त्याच क्षणी येते, बोट ठेवून जागा दाखवता येते आणि बहुधा एकाच पायाला होते. पुढे काळे-निळेही पडू शकते. आपले दुखणे दोन्ही मांड्यांत पसरलेले आहे, दुसऱ्या दिवशी सुरू झाले आहे आणि स्वस्थ बसल्यावर जवळजवळ जाणवत नसेल. दाबले, ताणले किंवा भार टाकला की मात्र जागे होत असेल. उशिरा येणाऱ्या स्नायुदुखीची हीच ओळख आहे.

आता राहतो तो उशिराचा प्रश्न. विस्कळीतपणा शनिवारी दुपारीच झाला, तर दुखायला रविवार-सोमवार का उजाडला? कारण सार्कोमिअर विस्कटणे ही गोष्ट स्वतः दुखत नाही. वेदना कळवणाऱ्या बारीक मज्जातंतूंची टोके तंतूंच्या आत नसतात. ती तंतूंभोवतीच्या आवरणांत आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या आसपास पसरलेली असतात. ताणलेल्या तंतूंमध्ये कॅल्शियम वाढते, त्यामुळे प्रथिने तोडणारी द्रव्ये जागी होतात, डागडुजीसाठी पांढऱ्या पेशी तिथे जमू लागतात आणि थोडे पाणीही साचते. या कामाला तास आणि दिवस लागतात. त्याच काळात स्नायूमध्ये मज्जातंतूंना संवेदनशील करणारी द्रव्ये तयार होतात. त्यांपैकी एकाचे नाव नर्व्ह ग्रोथ फॅक्टर असे आहे. परिणाम असा की जो दाब एरवी निव्वळ स्पर्श वाटतो, तोच दुखू लागतो. जिना उतरताना आज आपल्या मांडीत नवीन काही तुटत नाही. शनिवारी ज्या हालचालीची दखलही घेतली नव्हती, तीच हालचाल आज संवेदनशील झालेली टोके वेदना म्हणून कळवत आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांत तर तंतूंना दिसण्याजोगी इजा न होताही अशी संवेदनशीलता निर्माण झालेली आढळली आहे आणि माणसांत तंतूंपेक्षा त्यांच्यावरील आवरण अधिक हळवे झालेले दिसले आहे. म्हणून दुखणे म्हणजे इजेची थेट मोजणी नव्हे, असे मी रुग्णांना आवर्जून सांगतो.

हा मुद्दा मला थोडा विस्ताराने सांगावासा वाटतो, कारण त्यावरून होणारे गैरसमज दोन्ही दिशांनी नुकसान करतात. जास्त दुखले म्हणून व्यायाम ‘लागू पडला’ असे मानणारे लोक दर आठवड्याला मुद्दाम नवा व्यायाम शोधून अंग दुखवून घेतात. स्नायू वाढायला आणि बळकट व्हायला दुखण्याची अट नाही; सवय झालेल्या व्यायामाने दुखणे बंद होते, तरी भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेल्यास ताकद वाढत राहते. उलट बाजूने, दुखणे ओसरले म्हणजे स्नायू पूर्ववत झाला असे मानणारेही फसतात. इजेचे अधिक भरवशाचे माप म्हणजे ताकद. ती शनिवारीच, उतरून खाली आल्याक्षणी, घटलेली असते. शेवटच्या टप्प्यात गुडघे लटपटले असतील किंवा पायरीवर पाय अंदाजापेक्षा जोरात आदळला असेल, तर ती त्याचीच खूण होती. आपल्यासारख्या प्रसंगात दुखणे साधारण 24 ते 72 तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते आणि पाच ते सात दिवसांत जाते. ताकद मात्र कधी कधी त्यानंतरही काही दिवस थोडी कमीच राहते.

रक्ततपासणीचे वेळापत्रक तर आणखी वेगळे असते. स्नायूतून झिरपणारे क्रिएटिन कायनेज हे द्रव्य काही व्यायामांनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी, म्हणजे दुखणे ओसरू लागल्यावर, सर्वाधिक वाढलेले सापडते. माझ्याकडे एकदा एक तरुण यकृताच्या आजाराची धास्ती घेऊन आला होता. एका ठिकाणी सहज केलेल्या तपासणीत त्याची एसजीओटी आणि एसजीपीटी ही मूल्ये वाढलेली निघाली होती आणि काहीही न विचारता त्याला यकृतावरची औषधे सुरू करण्यात आली होती. तपासणीच्या चार दिवस आधी त्याने पहिल्यांदाच जिममध्ये दंडाचे आणि मांड्यांचे दमदार व्यायाम केले होते. ही दोन्ही द्रव्ये स्नायूतही असतात. आठवडाभर पूर्ण विश्रांती घेऊन काही दिवसांनी पुन्हा तपासल्यावर आकडे उतरले होते. अनोळखी व्यायामानंतरच्या आठवड्यात रक्त तपासावेच लागले, तर डॉक्टरांना व्यायामाबद्दल आवर्जून सांगावे.

आता आपण काय करावे, हे सांगतो. आज आणि उद्या सपाटीवर 15-20 मिनिटे आरामात चाला. चालताना दुखणे कमी होते आणि थांबल्यावर काही वेळाने परत येते. त्याने बरे होण्याचा वेग फारसा वाढत नाही, पण आरामही पडतो आणि नुकसानही होत नाही. जिना उतरताना कठडा धरा. हे मी केवळ दुखण्यासाठी सांगत नाही. या दिवसांत गुडघा किती वाकला आहे आणि किती जोर लागतो आहे याचा आपला अंदाज चुकतो आणि पाय दुमडून पडण्याची शक्यता असते. ताणाचे व्यायाम केल्याने दुखणे टळते असा समज आहे, पण अनेक प्रयोग एकत्र करून पाहिल्यावर 100 गुणांच्या वेदनामापनावर त्यांचा फायदा जेमतेम एक-दोन गुणांचा भरला, म्हणजे व्यवहारात शून्यच. हलक्या हाताचे मालिश आणि थंड पाण्यात पाय बुडवणे यांनी काहींना थोडा आराम मिळतो. बरे वाटत असेल तर जरूर करा, मात्र दुखऱ्या मांडीला जोरात रगडू देऊ नका. वेदनाशामक गोळ्या मी या दुखण्यासाठी सहसा सुचवत नाही. विशेषतः घाम जाऊन शरीरात पाणी कमी झालेले असताना त्या घेणे मूत्रपिंडांच्या दृष्टीने चांगले नाही.

एक गोष्ट मात्र घरी थांबण्यासारखी नाही. लघवी गडद तपकिरी किंवा लालसर झाली, मांड्या सुजून टणक झाल्या, स्वस्थ पडून असतानाही वेदना असह्य राहिली किंवा पाय उचलताच येईना, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. स्नायूतंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांपर्यंत पोहोचण्याचा हा आजार, ज्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, विरळा आहे. पण नवख्या माणसाने एकाच दिवशी कमालीचा व्यायाम केल्यावर तो झालेला मी पाहिला आहे, आणि तिथे वेळेला महत्त्व असते.

पुन्हा कधी सुरुवात करावी, या आपल्या शेवटच्या प्रश्नात स्नायूंचा एक विलक्षण गुण दडलेला आहे. अशा एकाच प्रसंगानंतर तोच स्नायू तेच काम पुढच्या वेळी बऱ्याच कमी दुखण्याने आणि ताकदीच्या कमी घटीने पार पाडतो, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे, काही प्रयोगांत तर सहा महिन्यांपर्यंत, टिकलेले दिसले आहे. ते नेमके कशाने येते, याला एकच कारण नाही. मज्जासंस्था भार अधिक तंतूंवर वाटू लागते, आवरण बळकट होते आणि माळेत नवे कप्पे जोडले जाऊन तंतू ताण सोसू लागतो, असे दिसते. अधिक उपयोगाची गोष्ट ही की या संरक्षणासाठी आधी इतके दुखवून घेण्याची गरज नसते. कोपर वाकवणाऱ्या स्नायूंवरील प्रयोगांत पूर्ण जोराची अवघी दोन ते सहा एक्सेंट्रिक आकुंचनेसुद्धा काही आठवड्यांनंतरच्या मोठ्या माऱ्यापासून अंशतः वाचवून गेली.

म्हणून जिना उतरताना दुखणे पूर्ण थांबेपर्यंत, बहुधा पुढच्या शनिवार-रविवारपर्यंत, उतार टाळा. नंतर खुर्चीवर चार सेकंद घेत सावकाश बसणे, दहा-दहा वेळा दोनदा, एवढ्यावर सुरुवात करा आणि दोन दिवस थांबून पाहा. मांड्या थोड्या जड वाटण्यापलीकडे काही झाले नाही, तर त्याच आठवड्यात सलग पाच-सहा मजले जिना उतरा आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत हे आठवड्यातून दोनदा, थोडे थोडे वाढवत न्या. वर जायला लिफ्ट वापरलीत तरी माझी हरकत नाही, कारण इथे तयारी उतरण्याची करायची आहे. डोंगरावर गेल्यावर उतरताना पावले आखूड टाका. उंच पायरीवरून एकदम खाली पाय टाकला की गुडघा खोल वाकतो, स्नायू जास्त लांबीपर्यंत ताणला जातो आणि त्याच लांबीवर सर्वाधिक विस्कळीतपणा होतो. दोन काठ्या घेतल्यात तर भाराचा काही वाटा हातांकडे जाईल.

हे संरक्षण त्या स्नायूपुरते आणि त्या कामापुरते असते, एवढे ध्यानात असू द्या. उतरणीला सरावलेल्या मांड्या घेऊन आपण मऊ वाळूत पळायला गेलात, तर दोन दिवसांनी पोटऱ्या भरून येतील. काठ्यांवर बराच भार देऊन उतरलात, तर दंडांच्या मागच्या बाजूलाही तसेच होईल.